सेफ दिवस कोणते? तापमान आणि स्रावाचा तक्ता मांडायला शिका

"पाळीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस सेफ असतात" हे वाक्य आपल्याकडे मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १०० विवाहित महिलांपैकी साधारण दहाजणी दिवस मोजणं किंवा वीर्य बाहेर सोडणं अशा पारंपरिक पद्धतींवर विसंबून असतात. म्हणजे हे वाक्य कित्येक संसारांत रोज वापरात आहे, आणि ते धोक्याचं आहे.

शरीराची लक्षणं पाहून सुपीक दिवस ओळखायची पद्धत मात्र वेगळी आहे. तिला नियम आहेत, आणि नीट शिकून, नियम न मोडता वापरली तर ती चांगली चालते. अर्धवट वापरली तर वाईट रीतीने फसते. या लेखात मी तापमान आणि स्राव एकत्र पाहणारी पद्धत सांगणार आहे. दिवस टाळण्याच्या पद्धतींपैकी मला तीच भरवशाची वाटते.

दिवस मोजून का भागत नाही

स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. एवढाच हिशोब असता तर महिन्यातला एक दिवस टाळून काम झालं असतं. पण गर्भाशयमुखाचा स्राव चांगला असेल तर शुक्राणू त्यात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. म्हणून संबंध सोमवारी आले आणि बीज शुक्रवारी बाहेर पडलं तरी गर्भ राहू शकतो. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस मिळून सहा दिवस खरे सुपीक असतात.

अडचण अशी, की हे सहा दिवस कधी येणार ते आधी कळत नाही. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ एका स्त्रीच्या बाबतीत फारसा बदलत नाही. बहुतेकींचा तो दोन आठवड्यांच्या आसपास असतो. बदलतो तो त्याच्या आधीचा काळ. ताप, परीक्षा, प्रवास, वजनातला मोठा चढउतार अशा कशानेही बीज तयार व्हायला उशीर होतो, आणि कधी ते लवकरही बाहेर पडतं. समजा एरवी तिसाव्या दिवशी येणारी पाळी या खेपेला २५ व्या दिवशी येणार आहे. मग बीज अकराव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडेल आणि सुपीक काळ सहाव्या-सातव्या दिवशीच सुरू होईल. पाळी नुकतीच संपलेली असते आणि "नंतरचे आठ दिवस सेफ" म्हणणारी बाई तेव्हा निर्धास्त असते. मोबाइलमधली बरीचशी पाळीची अ‍ॅप्ससुद्धा मागच्या तारखांच्या सरासरीवरूनच हिरवे-लाल दिवस रंगवतात. पाळी कधी येईल याचा अंदाज म्हणून ती ठीक आहेत, गर्भ टाळण्यासाठी नाहीत.

तापमान

बीज बाहेर पडल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि त्याने विश्रांतीच्या वेळचं तापमान थोडं चढतं. चढ साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसचा असतो आणि पुढच्या पाळीपर्यंत टिकतो. तो इतका लहान असतो की घरातल्या तापाच्या थर्मामीटरवर धड दिसत नाही. त्यासाठी दशांशानंतर दोन आकडे दाखवणारं, म्हणजे ३६.४५ असं वाचन देणारं बेसल थर्मामीटर घ्या. ते ऑनलाइन मिळतं. आपल्याकडची बरीच थर्मामीटरं फॅरनहाइटमध्ये असतात, तेव्हा घेतानाच सेल्सिअस आहे ना ते बघा. पुढचे सगळे नियम सेल्सिअसमधले आहेत.

सकाळी जाग आली की उठून बसण्याआधी, पाणी पिण्याआधी, कोणाशी बोलण्याआधी थर्मामीटर जिभेखाली ठेवा आणि तोंड मिटून तीन मिनिटं थांबा. बीप आधी वाजला तरी पूर्ण तीन मिनिटं ठेवलेलं बरं. काखेतलं तापमान या कामाला चालत नाही. योनीमार्गात मोजलं तर आकडे जास्त स्थिर येतात, पण एकदा जी जागा निवडाल ती त्या चक्रात बदलू नका. मोजण्याआधी निदान तासभर अंथरुणात सलग विश्रांती झालेली हवी. मोजलेला आकडा लगेच लिहून ठेवा.

तापमान बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्या घरांत भरपूर असतात: पहाटे पाण्यासाठी उठणं, लग्नघरचं जागरण, रात्रपाळी, रात्री उठणारं लहान मूल, दारू, सर्दी-ताप आणि तापाच्या गोळ्या. यातलं काही घडलं असेल आणि त्या दिवशीचा आकडा वेगळा आला असेल, तर तो कंसात टाका आणि शेजारी कारण लिहा. कंसातला आकडा मोजणीत धरायचा नाही. मात्र आकडा आवडला नाही म्हणून कारण शोधायला जाऊ नका. कारण आधी, कंस नंतर.

तापमानाची मर्यादा सरळ आहे. ते बीज बाहेर पडून गेल्यावर बोलतं. सुपीक काळ संपला हे त्यावरून कळतं, सुरू होणार आहे हे कधीच कळत नाही. ते कळायला स्राव पाहावा लागतो.

स्राव

अंगावर पांढरं जातं म्हटलं की आपल्याकडे तो आजारच समजतात. पण खाज, आग, दुर्गंधी नसेल आणि दिवसांप्रमाणे त्याचं रूप बदलत असेल, तर तो गर्भाशयमुखाचा नेहमीचा स्राव असतो. दही फाटल्यासारखा, हिरवट-पिवळा, वास येणारा किंवा खाजणारा स्राव असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. जंतुसंसर्ग असेपर्यंत स्रावाचं निरीक्षण बाद समजा.

पाळी संपल्यावर बऱ्याच जणींना काही दिवस कोरडं वाटतं. मग योनीमुखाशी ओलसर वाटू लागतं, घट्ट पांढरट स्राव दिसतो, नंतर तो दुधट होतो आणि शेवटी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत ताणला जाणारा होतो. बीज बाहेर पडल्यावर तो एकदम आटतो किंवा पुन्हा घट्ट होतो.

पाहायचं असं. दिवसात प्रत्येक वेळी लघवीला गेल्यावर, पाण्याने धुण्याआधी, कोरड्या टिश्यूने किंवा स्वच्छ बोटाने योनीमुख पुसा. धुतल्यावर पाहिलं तर काहीच कळत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकींची चूक इथेच होते. बोट आत घालायची गरज नाही. पुसताना बोट अडखळतं की सरकतं, आणि दिवसभर तिथे कोरडं, ओलं की निसरडं वाटलं, या दोन्ही गोष्टी लक्षात घ्या. रात्री झोपताना त्या दिवशी दिसलेलं सर्वांत सुपीक रूप लिहा. सकाळी कोरडं आणि दुपारी निसरडं असेल तर नोंद निसरडं अशीच होते.

संबंधानंतर दुसऱ्या दिवशी वीर्य मिसळल्याने फसगत होते. उत्तेजनेच्या वेळचा ओलावाही वेगळा असतो आणि थोड्या वेळात वाळतो. खात्री नसेल तर स्राव आहे असंच धरा.

सर्वांत चांगल्या रूपाचा शेवटचा दिवस म्हणजे शिखर दिवस. तो त्याच दिवशी ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी स्राव घट्ट झाला किंवा आटला की "काल शिखर होतं" असं कळतं. नंतरच्या तीन दिवसांत ताणला जाणारा स्राव पुन्हा दिसला तर मोजणी रद्द आणि शिखर नव्याने शोधायचं.

एक तक्ता वाचून पाहू

हा नमुन्याचा तक्ता आहे. पाळीचा पहिला दिवस म्हणजे चक्राचा पहिला दिवस. या स्त्रीला पाच दिवस रक्तस्राव झाला, सहा ते नऊ कोरडे गेले, दहाव्या दिवशी पहिल्यांदा ओलसर वाटलं. पुढचं असं:

| दिवस | तापमान | स्राव |
|---|---|---|
| १२ | ३६.४० | पांढरट, चिकट |
| १३ | ३६.३० | पांढरट, चिकट |
| १४ | (३६.६५) | दुधट, आदल्या रात्री हळदीचं जागरण |
| १५ | ३६.३५ | पारदर्शक, ताणला जाणारा |
| १६ | ३६.४५ | पारदर्शक, ताणला जाणारा |
| १७ | ३६.३५ | निसरडा |
| १८ | ३६.४० | घट्ट, चिकट |
| १९ | ३६.६० | घट्ट |
| २० | ३६.६५ | कोरडं |
| २१ | ३६.७० | कोरडं |

तापमानाचा नियम असा: सलग तीन आकडे त्यांच्या आधीच्या सहा आकड्यांपेक्षा वर हवेत, आणि तिसरा आकडा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.२ अंशाने वर हवा. इथे १९ व्या दिवशी पहिला वरचा आकडा दिसतो. मागचे सहा घेताना १४ वा दिवस कंसात असल्याने वगळला, म्हणून १२, १३, १५, १६, १७ आणि १८ हे दिवस आले. त्यांतला सर्वांत मोठा आकडा ३६.४५. तिथे आडवी रेघ मारा. १९, २० आणि २१ तिन्ही रेघेच्या वर आहेत, आणि २१ व्या दिवशीचा ३६.७० हा आकडा ०.२५ ने वर आहे. तापमानाची अट २१ व्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाली.

स्रावाकडे पाहिलं तर शिखर १७ वा दिवस. त्यापुढचे तीन दिवस १८, १९, २०. ही अट २० व्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाली.

दोन्हींपैकी जी नंतर पूर्ण होते ती खरी धरायची. म्हणून २१ व्या दिवशी संध्याकाळपासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ या स्त्रीला सुरक्षित. विसाव्या दिवशी रात्री "एकच दिवस राहिलाय" म्हणून सूट घ्यायची नाही.

२१ व्या दिवशी ३६.६० आलं असतं तर? ते फक्त ०.१५ ने वर आहे, म्हणून अट अपुरी. मग २२ व्या दिवसाची वाट पाहायची. तो आकडा रेघेच्या वर असला की पुरे, ०.२ ची अट तेव्हा नसते. आणि तीनांपैकी मधलाच एखादा आकडा रेघेवर किंवा खाली आला तर तो सोडून आणखी एक दिवस थांबायचं, पण तेव्हा शेवटचा आकडा पुन्हा ०.२ ने वर हवा. या दोन सवलती एकाच चक्रात एकत्र वापरायच्या नाहीत.

जागरणाचा तो ३६.६५ कंसात टाकला नसता तर रेघ वर सरकली असती आणि जास्त दिवस थांबावं लागलं असतं. गैरसोय झाली असती, पण धोका नव्हता. उलट बाजू जास्त वाईट. बाराव्या ते चौदाव्या दिवशी बारीक ताप येऊन तीन आकडे वर गेले आणि ते खरे मानले, तर बीज बाहेर पडायच्या आधीच बाई स्वतःला सुरक्षित समजेल. अशा वेळी स्राव वाचवतो, कारण चौदाव्या दिवशी शिखर आलेलंच नसतं.

पाळीनंतरचे दिवस

चक्राच्या पहिल्या भागात सगळं अंदाजावर असतं, म्हणून नियम कडक आहेत. नवशिक्या स्त्रीने फक्त पहिले पाच दिवस सुरक्षित धरायचे, तेही मागच्या चक्रात तापमानाचा चढ नीट दिसला असेल तरच. चढ नव्हता आणि रक्त आलं तर ती खरी पाळी नसू शकते. बीज बाहेर पडण्याच्या सुमारासही थोडं रक्त जाऊ शकतं. पाच दिवसांच्या आतच ओलसर वाटलं किंवा स्राव दिसला तर सुपीक काळ तिथूनच सुरू.

बारा चक्रं नीट नोंदली की वजा आठचा नियम लागू होतो. बाराही चक्रांत पहिला वरचा आकडा सर्वांत लवकर कितव्या दिवशी आला ते पाहा आणि त्यातून आठ वजा करा. तो सर्वांत लवकरचा दिवस १९ असेल तर ११ वा शेवटचा सुरक्षित दिवस. पण वरच्या तक्त्यातल्या स्त्रीला दहाव्या दिवशीच ओलसर वाटलं, म्हणून तिचा सुपीक काळ दहावरच सुरू झाला. सुरुवातीला जे आधी येतं ते धरायचं, शेवटी जे नंतर येतं ते. बारा चक्रं होण्याआधीच एखाद्या चक्रात पहिला वरचा आकडा बाराव्या दिवशी किंवा त्याआधी आला, तर पाच दिवसांचा नियम तिथेच सोडून वजा आठ लावा.

म्हणजे या स्त्रीला नवशिकी असताना ६ ते २१ असे सोळा दिवस टाळावे लागतील, आणि अनुभवानंतर १० ते २१ असे बारा. हा हिशोब नवऱ्यासमोर आधीच मांडा. त्याची मनापासून तयारी नसेल, तर ही पद्धत निवडू नका, असं मी स्पष्टच सांगते. नकार द्यायची मोकळीक नसलेल्या घरात तक्ता कितीही नीट लिहिला तरी उपयोगी पडत नाही.

पहिली तीन चक्रं फक्त शिकण्यासाठी ठेवा आणि त्या काळात प्रत्येक वेळी कंडोम वापरा. शक्य असेल तर ही पद्धत शिकवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला पहिले तक्ते दाखवा.

कितपत भरवसा ठेवायचा

याच नियमांवर जर्मनीत शिकवल्या जाणाऱ्या सेन्सिप्लान पद्धतीचा ९०० स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपीक दिवसांत संबंध पूर्ण टाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात ०.४ गर्भधारणा झाल्या, आणि सगळ्या मिळून, चुका धरूनही, १.८. आकडे उत्तम आहेत. पण त्या स्त्रियांना प्रशिक्षकांनी शिकवलं होतं आणि गर्भ टाळायचाच असा त्यांचा निश्चय होता. त्याच अभ्यासात सुपीक दिवसांत कशाचाही आधार न घेता संबंध ठेवणाऱ्यांत हा आकडा साडेसातच्या आसपास गेला.

फक्त स्राव पाहण्याची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत ती तपासली होती, त्यात आपलं बंगळूरही होतं. नियम तंतोतंत पाळले तेव्हा वर्षाला शंभरात तीनच्या आसपास गर्भ राहिले, पण प्रत्यक्षातल्या वापरात वीसहून जास्त. नियम माहीत असूनही "आज चालेल" म्हणणं, हेच त्याचं मोठं कारण होतं.

अशा सगळ्या पद्धती एकत्र धरल्या तर नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरात २ ते २३ असा पल्ला सांगतात. शेजारी ठेवून पाहा: कंडोम सुमारे १३, वीर्य बाहेर सोडणं सुमारे २०, कॉपर-टी एकापेक्षा कमी. गर्भ राहणं तब्येतीमुळे किंवा परिस्थितीमुळे अजिबात परवडणार नसेल, तर कॉपर-टीसारखं साधन घ्या. सुपीक दिवसांत कंडोम वापरलात तर त्या दिवसांची सुरक्षितता कंडोमएवढीच असते, तक्त्याची नाही. आणि लैंगिक आजारांपासून तक्ता मुळीच वाचवत नाही.

कधी थांबायचं

बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सोडल्यावर, पाळी जाण्याच्या वयात आणि पीसीओडी असताना या पद्धतीने एकटीने सुरुवात करू नका. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच बीज बाहेर पडू शकतं. पीसीओडीत निसरडा स्राव पुन्हा पुन्हा येतो आणि बीज मात्र बाहेर पडत नाही, त्यामुळे टाळायचे दिवस संपतच नाहीत.

गौरी-गणपती किंवा घरच्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते चक्र बाद. त्या गोळ्यांतलं संप्रेरक प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं असतं. त्याने स्राव बदलतो आणि तापमानही चढू शकतं. हा चढ खरा मानू नका, पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरा. ७२ तासांची इमर्जन्सी गोळी घेतली तरी हेच करा. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, म्हणून त्या महिन्यातल्या खुणांवर विसंबता येत नाही.

चुकून सुपीक दिवसांत संबंध आले तर ती गोळी जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. आणि वरचं तापमान १८ दिवसांहून जास्त टिकलं, पाळी आली नाही, तर लघवीची चाचणी करा. गर्भ राहिला असेल आणि नको असेल तर गायनॅककडे लवकर जा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात गर्भनिरोधक साधन किंवा पद्धत फसल्याचं कारण २० आठवड्यांपर्यंत मान्य आहे, आणि त्यासाठी लग्न झालेलं असायची अट नाही. नऊ आठवड्यांच्या आत गेलात तर बहुतेकदा डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी काम होतं. जाताना तक्ता सोबत न्या. तापमान कोणत्या दिवशी चढलं हे त्यात असल्याने दिवस किती झाले ते डॉक्टरांना बरंच नेमकं सांगता येतं.